दह्याच्या केकमध्ये लाल ठिपके आणि साबणासारखी चव – सोडा आणि बेकिंग पावडर एकच ना?

कैरीपन्हं:
मंडळी, रविवारी लेकीच्या वाढदिवसाला पहिल्यांदाच बिनअंड्याचा दह्याचा केक केला आणि पार फजिती झाली, म्हणून हा धागा. रेसिपी अशी होती – दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून बेकिंग सोडा, व्हॅनिला, लागलं तर थोडं दूध. ऐन वेळी बघते तर बेकिंग पावडरचा डबा रिकामा, दुकान बंद. म्हटलं दोन्ही फुगवायलाच घालतात, सोडाच जास्त घालू, आणि दोन्ही मिळून पावणेदोन टीस्पून सोडाच घातला. अंडं नसल्याने केक पांढरट दिसतो म्हणून रंगाला दोन चिमट्या हळद. पीठ ओव्हनमध्ये मस्त टम्म फुगलं, मग बाहेर काढायच्या आधीच मधे बसलं, कापला तर आत पिवळ्याऐवजी विटकरी रंग आणि जागोजागी लालभडक ठिपके. चव म्हणाल तर पहिल्या घासाला केक आणि नंतर जिभेवर साबण. लेकीने मेणबत्ती विझवली आणि म्हणाली आई आपण आइस्क्रीमच खाऊया.
आता प्रश्न असे की ते लाल काय होतं, खाल्लं तर काही होईल का (नवऱ्याने दोन तुकडे खाल्लेत), आणि सोडा आणि पावडर यात नेमका फरक काय, कारण नेटवर जो तो वेगळंच सांगतो.

राहुल_बोरिवली:
सिंपल आहे. सोडा हा स्ट्राँग असतो आणि पावडर माइल्ड, तिप्पट फरक असतो. पावडर नसेल तर एक तृतीयांश सोडा घालायचा आणि वर एक चमचा व्हिनेगर, की सोडा न्यूट्रल. मी नेहमी असंच करतो, कधीच प्रॉब्लेम नाही. लाल ठिपके म्हणजे हळदीत भेसळ असणार, ब्रँड बदला.

मीनल_नाशिक:
अगं माझा पण ढोकळा असाच लाल ठिपक्याठिपक्यांचा होतो गं!! इनो संपलं की सोडा घालते तेव्हाच होतं. मला वाटायचं बेसन खराब. ढोकळा जाळीदार होण्यासाठी इनो किती घालावं कुणी सांगेल का, दोन वाट्या बेसनाला एक पाकीट पुरतं का?

सुगरण_६८:
भेसळ वगैरे काही नाही. हळद आणि खार एकत्र आले की लाल होणारच. आमच्या लहानपणी घरी कुंकू करायचे ते कशाने, हळदीला चुना आणि टाकणखार लावूनच ना. कैरीपन्हं बाई, तुम्ही केकात कुंकू केलंत. 🙂

कैरीपन्हं:
आई गं. हे डोक्यातच आलं नाही. म्हणजे सोडा म्हणजे चुन्यासारखाच?

भट्टीवाला:
सुगरणताईंनी नेमकं बोट ठेवलंय. मी बावीस वर्षं बिस्किट आणि केकच्या कारखान्यात लॅबमध्ये काढली, आता निवृत्त. तुमच्या केकची चौकशी जरा सावकाश करूया कारण केस छान आहे (तुमच्यासाठी नसेल).

आधी नवऱ्याची काळजी मिटवतो, दोन तुकड्यांनी काही होत नाही, फार तर तहान लागेल आणि ढेकर येतील. बीपीवाल्यांनी मात्र असा केक टाळावा, सोडियम बरंच असतं त्यात.

आता केक उरला असेल तर एक तुकडा बशीत घ्या आणि लाल ठिपक्यावर लिंबू पिळा. काय होतं ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.

कैरीपन्हं:
काका, केला प्रयोग!! लिंबू पडल्या पडल्या ठिपका पिवळा झाला, एकदम हळदीचा पिवळा, आणि बारीक फसफस पण झाली. लेक ओरडत होती अजून एक अजून एक, आता अर्धा केक लिंबात भिजलाय. वाढदिवसाला नाही पण आज तिला केक आवडला.

भट्टीवाला:
फसफस झाली ना, तीच तर साक्ष. भाजून दोन दिवस झालेल्या केकमध्ये अजून खार शिल्लक होता आणि तो आम्लाची वाट बघत बसला होता. आता हिशेब मांडतो.

बेकिंग सोडा हा एकटा जीव आहे. त्याला आम्ल भेटलं की त्याच्यातला कार्बन डायऑक्साइड पूर्ण सुटतो, एका ग्रॅममागे पाव लिटरपेक्षा थोडा जास्तच. आम्ल नाही भेटलं तरी नुसत्या उष्णतेने तो फुटतो, म्हणूनच तुमचा केक फुगला. पण तेव्हा त्यातला निम्माच वायू बाहेर येतो आणि मागे जे उरतं तो धुण्याचा सोडा. तोच, कपड्यांचा. तो बेकिंग सोड्यापेक्षा कितीतरी कडक खार, जिभेला साबणासारखा लागतो आणि हळदीला लाल करतो.

तुमच्या केकमध्ये आम्ल कुठून येणार होतं? फक्त दह्यातून. शंभर ग्रॅम दह्यात साधारण पाऊण ते एक ग्रॅम लॅक्टिक आम्ल धरा, म्हणजे एक कप दह्यात दोन ग्रॅमच्या आसपास. गंमत अशी की लॅक्टिक आम्ल आणि सोडा जवळजवळ वजनाला वजन लागतात. तेव्हा तुमचं दही फार तर दोन-सव्वादोन ग्रॅम सोडा मारू शकत होतं. रेसिपीतला अर्धा टीस्पून सोडा किती? साधारण तेवढाच. ज्याने कोणी ती रेसिपी बसवली त्याने एक कप दह्याला अर्धा टीस्पून हे उगाच नाही ठरवलेलं.

तुम्ही घातला पावणेदोन टीस्पून, म्हणजे आठ ग्रॅमच्या घरात. दोन ग्रॅम दह्याने खाल्ला, उरला सहा ग्रॅम. तो सगळा उष्णतेने फुटला असं धरलं तर केकमध्ये पावणेचार ग्रॅमच्या आसपास धुण्याचा सोडा. चव कुठून आली कळलं ना.

राहुल_बोरिवली:
काका पण सोडा तेलाबरोबर मिळून खरंच साबण होतो ना? साबण असाच बनतो, फॅट प्लस अल्कली. म्हणजे साबणासारखी नाही, साबणाचीच चव.

भट्टीवाला:
तत्त्व बरोबर, प्रमाण चूक. साबण करायला कॉस्टिक वापरतात, तो याच्यापेक्षा फारच जहाल. अर्ध्या तासाच्या भाजणीत या खाराने झाला तर किंचित होईल. ती चव मुख्यतः खाराचीच. विश्वास नसेल तर चिमूटभर सोडा पाण्यात घालून जिभेला लावा, तेल न घालताही तसाच लागतो.

आणि राहुलजी, तुमच्या एक चमचा व्हिनेगरबद्दल. बाटलीवर बघा, ४ किंवा ५ टक्के लिहिलेलं असतं. पाच टक्क्यांचं धरलं तर एक टीस्पूनभर व्हिनेगर मारतं ०.३५ ग्रॅम सोडा. कैरीपन्हं यांचा उरलेला सहा ग्रॅम मारायला ८५ मिली व्हिनेगर लागलं असतं. मग साबणाऐवजी लोणचं खावं लागलं असतं. तुमचं एक तृतीयांशचं गणित मात्र ठीक आहे, पावडरमध्ये साधारण तीस टक्केच सोडा असतो. पण सोडा स्ट्राँग आणि पावडर माइल्ड असं काही नसतं, सोडा तोच. पावडरमध्ये तो आपलं आम्ल बरोबर घेऊन आलेला असतो, कोरड्या भुकटीच्या रूपात, आणि मधे स्टार्च घातलेला असतो तो दोघांना डब्यातच भांडू नये म्हणून.

राहुल_बोरिवली:
ओके व्हिनेगर मान्य. पण मग तो फेमस बिनअंड्याचा चॉकलेट केक कसा होतो? एक टीस्पून सोडा आणि फक्त एक टेबलस्पून व्हिनेगर, दही दूध काहीच नाही. मी दहा वेळा केलाय, साबण लागत नाही. तुमच्या हिशेबाने लागायला पाहिजे.

भट्टीवाला:
चांगला प्रश्न, आणि इथे मी पण जरा अडखळतो. हिशेबाने व्हिनेगर त्यातला एकच ग्रॅम मारतं. काही भाग कोको मारतो, कारण साधा कोको आंबटच असतो. बाकीचा उष्णतेने फुटतो आणि केक किंचित खारट बाजूलाच राहतो, पण त्या केकचा काळाभोर रंग आणि तो खोलवरचा स्वाद अंशतः त्या खारामुळेच आहे. कोकोच्या कडवटपणात खपून जातं. किती कोको मारतो आणि किती खपून जातं हे मी कधी मोजलेलं नाही, तेव्हा छातीठोक सांगणार नाही. एवढं मात्र बघा, कोकोच्या डब्यावर घटकांत ५०० किंवा ५०१ नंबर असेल तर तो आधीच खार लावून गडद केलेला कोको आहे. त्याच्यात आम्ल जवळजवळ उरलेलंच नसतं, आणि त्याने हाच केक केला तर तुम्हालाही साबण भेटेल.

राहुल_बोरिवली:
डबा बघितला, ५०१ आहे 😐 आणि मागच्या महिन्यात आईने म्हटलं होतं काहीतरी वेगळं लागतंय.

मीनल_नाशिक:
माझ्या इनोचं कुणी सांगेल का?

सुगरण_६८:
मीनल, दोन वाट्या बेसनाला एक पाकीट पुरे, पण पातेल्यातलं पाणी खळखळ उकळल्यावरच घाल आणि घातलं की एका दिशेने फिरवून लगेच वाफेला ठेव. फोनवर बोलत बसू नकोस मधे.

भट्टीवाला:
ताईंचं बरोबर. इनोमध्ये सोड्याबरोबर सायट्रिक आम्ल असतं, लिंबातलं, ते पाणी लागताक्षणी कामाला लागतं आणि मिनिटभरात खेळ खलास. म्हणून थांबायचं नाही. आणि इनोने लाल होत नाही, सोड्याने होतं, ते याचमुळे, तिथे आम्ल सोबत आलेलं असतं. सोडाच घालायचा असेल तर पीठ ताकात चांगलं आंबवून घ्या आणि सोडा चाळून घाला. ठिपके पडतात ते न विरघळलेल्या कणांचे, प्रत्येक कण आपल्याभोवती कुंकवाचं गोल करतो.

टोरांटोकर:
इथे अजून एक गोंधळ आहे तो लिहितो. आमच्याकडे मिळणारी पावडर बहुतेक डबल ॲक्टिंग असते. भारतात आलो की आईकडच्या पावडरने तीच रेसिपी केली की केक चपटा होतो. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या मुंजीला आलो होतो तेव्हा पण हेच झालं, सगळे म्हणाले तिकडचा मैदा वेगळा. मैदा का पावडर?

भट्टीवाला:
मैदाही वेगळा असतो, पण आधी पावडर बघा. डब्यावरचे नंबर वाचायची सवय लावा. ५००(ii) म्हणजे सोडा, तो सगळ्यात असणारच. त्याच्या शेजारी आम्ल कोणतं ते महत्त्वाचं. ३४१ असेल तर ते गार पिठातच बराचसा वायू सोडून मोकळं होतं. ४५० किंवा ५४१ असेल तर ते आळशी, उष्णता लागेपर्यंत फारसं हलत नाही. दोन्ही नंबर असतील तर तुमची डबल, एक हप्ता वाडग्यात आणि दुसरा ओव्हनमध्ये. नुसत्या ३४१ची पावडर घालून पीठ अर्धा तास ठेवलंत तर ओव्हनमध्ये जायला काही शिल्लक राहत नाही.

यात एक गोष्ट लोक विसरतात. वायू नवीन बुडबुडे तयार करत नाही. बुडबुडे तुम्ही फेटताना हवेचे घातलेले असतात, वायू फक्त त्यात शिरून त्यांना मोठं करतो. म्हणून कमी फेटलेल्या पिठात पावडर वाढवली तरी जाळी बारीक येत नाही, मोजक्याच बुडबुड्यांचे फुगे होतात, ते एकमेकांत फुटतात आणि केक मधे बसतो. कैरीपन्हं यांचा केक टम्म फुगून बसला तो असाच. वायू निम्मा सुटूनही भरपूर होता, धरून ठेवायला भिंती तयार नव्हत्या.

टोरांटोकर:
आईच्या डब्याचा फोटो मागवला. ५००(ii) आणि ३४१(i), बाकी स्टार्च. आणि मुंजीच्या वेळी लाईट गेले होते म्हणून पीठ पाऊण तास पडून होतं, ते आता आठवलं. मैद्याला उगाच नावं ठेवली.

सुगरण_६८:
एक विचारू का. तुम्ही सगळे आम्ल आम्ल म्हणताय. मी चाळीस वर्षं नानकटाई करते, तूप, पिठीसाखर, मैदा, थोडं बेसन, वेलची आणि खायचा सोडा. दही नाही, लिंबू नाही. कधी साबण लागला नाही. मग माझ्या सोड्याला आम्ल कुठे भेटतं?

भट्टीवाला:
तुम्ही सोडा किती घालता ताई?

सुगरण_६८:
अर्धा किलो मैद्याला बोटाच्या दोन चिमटी. मोजून नाही सांगता येणार. चमच्याने घालताना मी कुणाला पाहिलं की हात धरते.

भट्टीवाला:
दोन चिमटी म्हणजे अर्धा-पाऊण ग्रॅम, तोही अर्धा किलोत आणि वर तूप वेलची. तिथे सोडा फुगवायला नसतोच मुळी. थोडा खार आला की नानकटाई पसरते, वर तडे जातात, रंग लवकर चढतो आणि तोंडात विरघळते. हेच नानकटाईत बेकिंग पावडर घालून करून बघा, फुगीर होईल, तडे कमी, रंग फिकट. लोक म्हणतात पावडर ही सोड्याची सुधारित आवृत्ती, तसं नाही. कधी कधी तो खारच हवा असतो.

सुगरण_६८:
पसरते ती तुपामुळे, सोड्यामुळे नाही. तूप ढिलं असलं की पसरते. तडे सोड्याने जातात हे मान्य.

भट्टीवाला:
तूप तर आहेच. पण एकाच गोळ्याचे दोन भाग करून एकात सोडा घालून बघा ताई.

सुगरण_६८:
दिवाळीत बघीन. आत्ता गुडघा धरलाय.

कैरीपन्हं:
मी शनिवारी परत करणार आहे. बेकिंग पावडर आणली (नंबर बघून, ३४१ आणि ५४१ दोन्ही आहेत 😎). पण समजा परत संपली, तर त्या सव्वा टीस्पून पावडरऐवजी नेमकं काय करायला हवं होतं? आणि दुसरं, रेसिपीत लिहिलंय की दही साखर फेटून त्यात सोडा आणि पावडर घाला आणि पाच मिनिटं बाजूला ठेवा, फेस आला पाहिजे. तुम्ही म्हणताय थांबू नका. मग?

भट्टीवाला:
पहिलं. सव्वा टीस्पून पावडरमध्ये दीडेक ग्रॅम सोडा असतो, म्हणजे वाढीव सोडा फक्त पाव टीस्पूनपेक्षा थोडा जास्त, एक तृतीयांश म्हणा. त्याचं आम्ल दह्यात नाही, दही आधीच अर्ध्या टीस्पूनात गुंतलंय. म्हणून त्याच्यासाठी वेगळं दीड टेबलस्पून लिंबाचा रस, आणि तेवढं दूध कमी. लिंबू थांबत नाही, तेव्हा ओव्हन आधी तापलेला हवा, भांड्याला तूप-मैदा आधी लावलेला हवा, रस सगळ्यात शेवटी, दहा-बारा हात फिरवून सरळ आत. केक होईल, पण पावडरच्या केकपेक्षा थोडा ठेंगणा.

दुसरं. पाच मिनिटं फेस येऊ द्या हे मला पटत नाही. तो फेस म्हणजे तुमचा पैशाने विकत घेतलेला वायू स्वयंपाकघरात फिरतोय. सोडा पावडर मैद्याबरोबर दोनदा चाळा आणि ओल्यात मिसळा.

नुसताच_वाचक:
पहिल्यांदाच लिहितोय. काका मी त्या फेसवाल्या पद्धतीने गेली पाच वर्षं केक करतोय, ऑर्डरी घेतो, दर आठवड्याला आठ-दहा. चाळूनही करून पाहिला. फेसवाला माझ्याकडे नेहमी मऊ होतो. तुमचा वायू उडून जातो म्हणावं तर दही घट्ट असतं, फेस तसाच धरून राहतो. शिवाय सोडा पूर्ण विरघळतो, एकही ठिपका नाही. चाळलेल्यात कधीतरी गाठ राहते.

भट्टीवाला:
सोडा विरघळण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. घट्ट दह्यात फेस टिकतो हेही खरं, ते बुडबुडे पुढे उपयोगी पडत असतील. आणि तुमच्या पावडरमध्ये आळशी आम्ल असेल तर तिचा मोठा हप्ता तसाही ओव्हनसाठी राखीव असतो, त्यामुळे नुकसान दिसत नाही. पण मऊ होतो तो फेसामुळे की त्या पद्धतीत मैदा शेवटी आणि कमी हात फिरवून जातो म्हणून, हे वेगळं काढल्याशिवाय मी सही करणार नाही.

नुसताच_वाचक:
सही नका करू, ऑर्डर द्या. 😀

सुगरण_६८:
मी वाचकाच्या बाजूने. फेस येऊ दे.

टोरांटोकर:
मी काकांच्या. अवांतर, कुठेतरी वाचलं होतं की बेकिंग पावडर पहिल्यांदा एका इंग्रज औषधवाल्याने केली बायकोला यीस्ट चालत नव्हतं म्हणून, खरं का?

भट्टीवाला:
हो, आल्फ्रेड बर्ड, बर्मिंगहॅमचा, १८४३. बाईंना अंडंही चालत नव्हतं, त्यांच्यासाठी त्याने आधी बिनअंड्याचं कस्टर्डही केलं होतं. बिनअंड्याच्या केकवाल्यांनी त्या बाईंचे आभार मानायला हरकत नाही.

कैरीपन्हं, शनिवारसाठी एक घरगुती चाचणी देतो. पीठ तयार झालं की चमचाभर बाजूला काढा, त्यात चिमूटभर हळद नीट कालवा आणि इडलीपात्राच्या एका साच्यात आठ मिनिटं वाफवा. तव्यावर नको, तिथे भाजल्याचा तपकिरी रंग येतो आणि कळत नाही. वाफवलेलं पिवळं राहिलं तर ठीक. नारिंगी किंवा विटकरी झालं तर सोडा जास्त, मग उरलेल्या पिठात चमचाभर लिंबू घालून लगेच भाजायला ठेवा. पण आठ मिनिटं पीठ थांबणार, म्हणून हे एकदाच करा, रेसिपी बसवताना, रोज नको. आणि हळद ठळक चुकाच दाखवते. सोडा किंचितच जास्त असेल तर ती पिवळीच राहील आणि केक फक्त जरा जास्त तपकिरी होईल.

अजून एक, तुमचा चमचा कोणता?

कैरीपन्हं:
चमचा म्हणजे... पोहे खायचा.

भट्टीवाला:
मग माझा आठ ग्रॅमचा हिशेब विसरा, बारा-पंधराही असेल. पाच मिलीचा मापाचा चमचा आणा, आणि वरून सुरीने सपाट करा. सोड्याच्या बाबतीत शीग लावायची नाही.

कैरीपन्हं (शनिवार रात्री):
झाला केक!!! दही दोन दिवसांचं, जरा आंबटच घेतलं. मापाचा चमचा आणला. अर्धा टीस्पून सोडा, सव्वा पावडर, सगळं मैद्यात दोनदा चाळलं (सॉरी सुगरणकाकू). इडलीपात्रातला नमुना छान पिवळा आला, लेकीनेच खाऊन टाकला, म्हणाली गोड ढोकळा. केक १८० वर ३८ मिनिटं, सुई कोरडी. रंग पिवळा, साबण नाही, ठिपका शोधून सापडला नाही. पण मधे अजून थोडा बसलाय, बोटाच्या पेराएवढा नाही पण बसलाय. आता का??

राहुल_बोरिवली:
ओव्हनचं दार उघडलं असणार मधे.

कैरीपन्हं:
तिसाव्या मिनिटाला उघडलं, एकदाच, सुई घालायला.

भट्टीवाला:
दही जास्त आंबट म्हणजे पातळही असणार, पाणी वाढलं असेल. शिवाय त्या नमुन्यासाठी पीठ थांबलं. दूध किती घातलं?

कैरीपन्हं:
दही पातळ होतं खरं. दूध तरीही घातलं पाव कप, रेसिपीत होतं म्हणून.

भट्टीवाला:
रेसिपीत "लागलं तर" होतं. पुढच्या वेळी दूध नाही. तरी बसला तर पावडर एक टीस्पूनवर आणा, तुमचा ओव्हन मधे थंड असण्याचीही शक्यता आहे, एकदम खात्रीने नाही सांगता येणार लांबून.

नुसताच_वाचक:
किंवा एकदा फेस येऊ द्या. 😀

मीनल_नाशिक:
माझा ढोकळा आज एकदम पिवळा आला!! पाणी उकळल्यावर इनो घातलं आणि फोन लांब ठेवला. पण वर मधोमध एक भेग पडलीये, ती कशाने?